सलूनच्या आरशातलं घड्याळ

केस कापायला सलूनमध्ये बसलं की समोर आरसा असतो आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ त्या आरशात दिसतं. मान हलवायची नसते, त्यामुळे बघायला दुसरं काही नसतं. मग लक्षात येतं की सेकंदकाटा उलटा पळतोय. घड्याळ बिघडलेलं नाही, त्याची चाकं नेहमीच्याच दिशेने फिरताहेत. आरशाने फक्त आपल्याला दिसणारी दिशा बदलली. गंमत म्हणजे मुळातच उलटं फिरणारं, उलट्या आकड्यांचं घड्याळही बाजारात मिळतं. ते आरशात पाहिलं की सुलट वाचता येतं.

गणितात आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये हीच युक्ती एका कामाला येते. एफएफटी, म्हणजे जलद फूरिये रूपांतर करणारा प्रोग्राम किंवा सर्किट तुमच्याकडे आहे, पण ते एकाच दिशेने चालतं. तुम्हाला हवी आहे उलटी दिशा. नवं यंत्र न बनवता, असलेल्या यंत्राच्या आधी एक आरसा आणि नंतर एक आरसा लावला की काम होतं. ही गोष्ट दोन ओळींत सिद्ध करता येते आणि बहुतेक पुस्तकं तेवढं करून पुढे जातात. मला ती चार संख्यांवर हाताने करून पाहायची आहे, कारण खरी मजा आणि खरी फजिती पडताळणीत आहे. चुकीच्या चार संख्या घेतल्या तर आरसे विसरलात तरी उत्तर बरोबर येतं.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. माइकमधून आलेला आवाज म्हणजे ठरावीक अंतराने मोजलेल्या संख्यांची रांग. फूरिये रूपांतर त्या रांगेकडे बघून सांगतं की यात हळू हलणाऱ्या लाटा किती, जलद हलणाऱ्या किती. रांग जेवढ्या संख्यांची, तेवढ्याच संख्या उत्तरात येतात. माहिती काही हरवत नाही, तिची मांडणी बदलते. म्हणूनच उलटा प्रवास शक्य असतो: लाटांचा हिशेब हातात असेल तर मूळ रांग परत मिळते. पुढच्या प्रवासाला डीएफटी म्हणतात, परतीच्या प्रवासाला इन्व्हर्स डीएफटी. एफएफटी हे वेगळं रूपांतर नाही. तोच डीएफटी कमी गुणाकारांत उरकण्याची ती पद्धत आहे. १०२४ संख्यांच्या रांगेला सरळ मार्गाने दहा लाखांहून अधिक गुणाकार लागतात. नेहमीच्या एफएफटीत ते सुमारे पाच हजारांवर येतात. जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि ती संगणकांवर पसरली. पुढे इतिहास चाळणाऱ्यांना दिसलं की लघुग्रहांच्या कक्षा काढताना गाउसने १८०५च्या सुमारास हीच कल्पना वापरली होती. ते लेखन त्याच्या हयातीत छापलंच गेलं नाही.

आता संमिश्र संख्या. अकरावीत त्या भेटलेल्या असतात, पण इथे फार थोडं आठवायचं आहे. कागदावर एक आडवी आणि एक उभी रेघ काढा. साध्या संख्या आडव्या रेघेवर बसतात, `i` च्या पटीतल्या संख्या उभ्या रेघेवर. `-2-3i` म्हणजे डावीकडे दोन घरं, खाली तीन घरं. या कागदावर `i` ने गुणणं म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा मारणं, आणि `-i` ने गुणणं म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. दोन पाव फेरे मारले की अर्धा फेरा होतो, म्हणून `i` गुणिले `i` बरोबर `-1`. शाळेत हे गूढ वाटलेलं असतं. फेरा म्हणून पाहिलं की त्यात काही गूढ उरत नाही. विजेची मंडळी `i` ऐवजी `j` लिहितात, कारण `i` हे अक्षर त्यांनी विद्युतप्रवाहासाठी आधीच राखून ठेवलं होतं. पायथन भाषेतही `j` च आहे. आपण इथे `i` वापरू.

चार संख्यांचा डीएफटी या पाव फेऱ्यांवरच चालतो. मोजणी शून्यापासून करायची: `x[0]`, `x[1]`, `x[2]`, `x[3]`. उत्तरातली `k` क्रमांकाची संख्या हवी असेल तर `x[n]` ला घड्याळाच्या दिशेने `k` गुणिले `n` इतके पाव फेरे मारायला लावायचे आणि चौघांची बेरीज करायची. परतीच्या वाटेवर नेमकं तेच, फक्त फेरे घड्याळाच्या उलट दिशेने, आणि शेवटी चाराने भागाकार:

```
X[k] = Σ x[n] · (-i)^(k·n)
x[n] = (1/4) · Σ X[k] · i^(k·n)
```

दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. एक चिन्ह आणि एक भागाकार, एवढंच. मग उलट्या दिशेसाठी वेगळा प्रोग्राम का लिहू नये? संगणकावर कुणी लिहितंही, काही बिघडत नाही. तयार लायब्ररीत दोन्ही दिशा मिळतात. पण चिपमध्ये जागा मोजून मापून असते. वाय-फायचंच घ्या. ८०२.११ए या मानकात पाठवणारा ६४ संख्यांचा इन्व्हर्स घेऊन लहर तयार करतो आणि घेणारा ६४ संख्यांचा एफएफटी घेऊन ती उलगडतो. एकाच चॅनेलवर उपकरण एका वेळी एकतर बोलतं नाहीतर ऐकतं, दोन्ही एकदम करत नाही. मग दोन सर्किटं कशाला? एकच एफएफटी सर्किट बसवायचं आणि बोलताना त्याच्या दोन्ही तोंडांना आरसे लावायचे. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हाताने घासूनपुसून लिहिलेला एकच एफएफटी असतो, तिथेही हाच विचार. घासलेला आणि तपासलेला कोड एकच असावा. त्याची जुळी आवृत्ती ठेवली की एकीत दुरुस्ती होते आणि दुसरीत राहून जाते.

आरसा म्हणजे काय? नववीत करणींच्या धड्यात अनुबद्ध जोडी शिकवतात, त्यातला हा भाऊबंद. `a+bi` ची अनुबद्ध संख्या `a-bi`. इंजिनिअर तिला कॉन्जुगेट म्हणतात आणि ती घेण्याच्या क्रियेला 'कॉन्जुगेट मारणं'. आपल्या कागदावर पाहिलं तर आडव्या रेघेवर आरसा आडवा ठेवलाय: वरचं खाली आणि खालचं वर दिसतं, डावं-उजवं तसंच राहतं. तळ्याकाठच्या देवळाचं पाण्यात प्रतिबिंब पडतं तसं. आडव्या रेघेवरच्या साध्या संख्यांना आरशाने काहीच होत नाही, हे ध्यानात ठेवा. पुढे त्यावरच सगळी भानगड आहे.

आरशाचे दोन गुण लागतात. दोन संख्यांची बेरीज करून आरशात पाहा किंवा दोघींना वेगवेगळं आरशात पाहून मग बेरीज करा, उत्तर तेच. गुणाकाराचंही तसंच. फेऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर, घड्याळाच्या दिशेने मारलेला पाव फेरा आरशात उलट्या दिशेने मारलेला दिसतो. सलूनमध्ये दिसलं ते हेच.

आता जोडणी करू. आपल्याला हवं आहे `X[k]` ला उलट्या दिशेने फिरवून केलेली बेरीज. यंत्र मात्र सुलट्याच दिशेने फिरवतं. म्हणून `X` च्या प्रत्येक संख्येला आधी आरशात पाहायचं आणि ते प्रतिबिंब यंत्रात घालायचं. यंत्र प्रतिबिंबाला सुलट्या दिशेने फिरवतं. पण प्रतिबिंबाला सुलट फिरवणं म्हणजे मूळ संख्येला उलट फिरवून मग आरशात पाहणं. म्हणजे यंत्रातून जे बाहेर येतं ते आपल्याला हव्या असलेल्या बेरजेचंच प्रतिबिंब. त्याला पुन्हा आरसा दाखवला की प्रतिबिंबाचं प्रतिबिंब होऊन खरी बेरीज हाती येते. राहिला भागाकार, तो शेवटी:

```
x = conj( FFT( conj(X) ) ) / N
```

`N` म्हणजे रांगेची लांबी. सिद्धता एवढीच. एफएफटीच्या आत काय चालतं, त्याने बेरजा कोणत्या क्रमाने केल्या, याचा इथे उल्लेखही आला नाही; यंत्र बंद डब्यासारखं राहिलं.

आता हाताने करू. मी चार संख्या घेतो: `1, i, 2, 3`. याच का, ते पुढे सांगतो. आधी सुलट दिशा, प्रत्येकाला ठरलेले पाव फेरे देत:

```
X[0] = 1 + i + 2 + 3          = 6 + i
X[1] = 1 + i(-i) - 2 + 3(i)   = 3i
X[2] = 1 - i + 2 - 3          = -i
X[3] = 1 + i(i) - 2 + 3(-i)   = -2 - 3i
```

पहिल्या ओळीत कुणीच फिरत नाही, नुसती बेरीज. तिसऱ्या ओळीत एकाआड एक अर्धा फेरा, म्हणजे एकाआड एक वजाबाकी. खऱ्या फेऱ्या दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. दुसरीत `3` ला `i` ने गुणलंय, चौथीत `-i` ने.

आता समजा ही चार उत्तरंच आपल्याला दिली आहेत आणि मूळ रांग शोधायची आहे. पहिला आरसा: `i` च्या पुढची चिन्हं उलटवायची.

```
conj(X) = 6 - i,  -3i,  i,  -2 + 3i
```

हे यंत्रात घालायचं. या वेळी एफएफटी आत जसं करतो तसंच करू, म्हणजे काम कमी कसं होतं तेही दिसेल. सम क्रमांकाच्या दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी, विषम क्रमांकाच्या दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी. या जोडीच्या आकृतीत रेघा फुलपाखरासारख्या एकमेकींना छेदतात म्हणून तिला बटरफ्लाय म्हणतात.

```
a = (6 - i) + i          = 6
b = (6 - i) - i          = 6 - 2i
c = -3i + (-2 + 3i)      = -2
d = -3i - (-2 + 3i)      = 2 - 6i
```

मग पुन्हा जोड्या लावायच्या. `a` आणि `c` ची बेरीज-वजाबाकी पहिलं आणि तिसरं उत्तर देते. `b` मध्ये `d` चा पाव फेरा मिळवला की दुसरं येतं, वजा केला की चौथं:

```
Y[0] = a + c      = 4
Y[1] = b + (-i)d  = 6 - 2i - 2i - 6  = -4i
Y[2] = a - c      = 8
Y[3] = b - (-i)d  = 6 - 2i + 2i + 6  = 12
```

दुसऱ्या ओळीत थोडं थांबा. `-i` गुणिले `2-6i` हे `-2i-6` होतं, कारण `-i` गुणिले `-6i` बरोबर `6` गुणिले `i` चा वर्ग, म्हणजे `-6`. हाताने करताना बहुतेकांचं चिन्ह इथे चुकतं, माझंही चुकलेलं आहे. आता दुसरा आरसा: `-4i` चं `4i` होतं, बाकीच्या तिघी आडव्या रेघेवर असल्याने तशाच राहतात. `4, 4i, 8, 12`. चाराने भागा: `1, i, 2, 3`. गेलेली रांग परत आली.

इथे समाधान मानून वही मिटायची इच्छा होते. पण बरोबर पद्धतीने बरोबर उत्तर आलं यात फार काही सिद्ध होत नाही. पडताळणीचं काम असतं चुकीच्या पद्धतीला पकडण्याचं. म्हणून मुद्दाम चुका करून पाहू.

दोन्ही आरसे विसरलो आणि `X` तसाच यंत्रात घालून चाराने भागलं, तर येतं `1, 3, 2, i`. पहिली संख्या जागेवर, बाकीच्या तिघी उलट्या क्रमाने. पहिला आरसा लावला, दुसरा विसरलो: `1, -i, 2, 3`. क्रम बरोबर, पण `i` चं चिन्ह उलटं. पहिला विसरलो, दुसरा लावला: `1, 3, 2, -i`. क्रमही उलटा, चिन्हही उलटं. भागाकार विसरलो: `4, 4i, 8, 12`. म्हणजे प्रत्येक चूक वेगळं उत्तर देते आणि उत्तर पाहून कुठे चुकलं ते ओळखता येतं. `1, i, 2, 3` ही रांग मी याचसाठी निवडली.

आता `1, 2, 3, 4` घेऊन पाहा. पुस्तकात आणि फळ्यावर सर्रास हीच रांग असते. हिचा डीएफटी येतो `10, -2+2i, -2, -2-2i`. पहिला आरसा विसरलात तर `1, 4, 3, 2` येतं, म्हणजे ही चूक पकडली जाते. पण दुसरा आरसा विसरलात तर उत्तर येतं `1, 2, 3, 4`. अगदी बरोबर. कारण मूळ रांगेत सगळ्या साध्या संख्या आहेत, त्या आडव्या रेघेवर बसतात आणि त्यांना आरसा दाखवला काय, न दाखवला काय, सारखंच.

याहून गोड फसवणूक `1, 2, 3, 2` करते. दिसायला निरागस, चढून उतरणारी रांग. हिचा डीएफटी `8, -2, 0, -2`. यात `i` कुठेच नाही, त्यामुळे पहिला आरसा निकामी. मूळ रांगेतही `i` नाही, म्हणून दुसराही निकामी. शिवाय पहिली संख्या सोडून बाकीच्या उलट्या वाचल्या तरी तीच रांग येते, त्यामुळे क्रम उलटला तरी कळत नाही. या रांगेवर दोन्ही आरसे गाळून टाका, प्रोग्राम पास.

मी यात अडकलो आहे. विद्यार्थ्यांसाठी आवाजाचा एक साधा फिल्टर लिहिला होता: आवाजाचे १०२४ संख्यांचे तुकडे करायचे, एफएफटी घ्यायचा, नको त्या लाटा शून्य करायच्या, परत यायचं. परतीचा कोड अशाच एका सुंदर सममित रांगेवर तपासला होता. ऐकायला लावल्यावर बोलणाऱ्याचा आवाज ओळखीचा वाटत होता, पण शब्द लागत नव्हते. कुणीतरी तोंडात पाणी धरून बोलतंय असं. सेकंदाला ४४,१०० या दराने १०२४ संख्यांचा तुकडा सुमारे २३ मिलिसेकंदांचा होतो. पहिला आरसा गळाल्यामुळे प्रत्येक तुकडा उलट्या क्रमाने वाजत होता, तुकड्यांची रांग मात्र सरळ होती. अर्धा दिवस मी फिल्टरलाच दोष देत बसलो. दोन तुकड्यांचे आलेख शेजारी ठेवल्यावर एक दुसऱ्याचं प्रतिबिंब असल्याचं दिसलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

दुसरा आरसा विसरण्याची चूक आवाजात कधीच कळणार नाही, कारण माइक साध्याच संख्या देतो. ती कळते रेडिओच्या कामात. तिथे प्रत्येक नमुन्यात दोन भाग असतात आणि संख्या खरोखर संमिश्र असतात. तिथे `i` चं चिन्ह उलटं झालं की सगळा स्पेक्ट्रम आरशात गेल्यासारखा उलटतो. वरच्या बाजूचं स्टेशन मधल्या रेषेच्या खालच्या बाजूला दिसायला लागतं. आवाजासाठी वर्षभर निर्धोक चाललेला कोड रेडिओला जोडला की पहिल्याच दिवशी मार खातो, तो असा.

भागाकाराची गोष्ट वेगळी आहे, कारण तो कुणी करायचा यावर लायब्ररींचं एकमत नाही. बहुतेक ठिकाणी सुलट दिशेला काही भागत नाहीत आणि परतीला `N` ने भागतात. नमपाय आणि मॅटलॅब असंच करतात. एफएफटीडब्ल्यू ही प्रसिद्ध लायब्ररी कुठेच भागत नाही, भागाकार तुमच्या अंगावर. काही ठिकाणी दोन्ही दिशांना `N` च्या वर्गमुळाने भागतात, काही ठिकाणी सुलट दिशेलाच `N` ने. आपलं सूत्र पहिल्या रीतीसाठी लिहिलं आहे. तुमचं यंत्र कोणत्या रीतीचं आहे हे विचारायला `1, 1, 1, 1` ही रांग पुरते. पहिलं उत्तर `4` आलं तर सूत्र जसंच्या तसं वापरा. `2` आलं तर यंत्र वर्गमुळाने भागतंय, तेव्हा आरसे लावा आणि भागाकार सोडून द्या. `1` आलं तर यंत्राने आधीच पुरतं भागलं आहे, मग तुम्हाला शेवटी उलट `N` ने गुणावं लागेल.

फेऱ्यांच्या दिशेबद्दलही दोन पंथ आहेत. काही पुस्तकं आणि प्रोग्राम सुलट दिशेलाच `+i` वापरतात. `0, 1, 0, 0` घालून पाहा: `1, -i, -1, i` आलं तर आपल्यासारखं, `1, i, -1, -i` आलं तर दुसरा पंथ. `X` त्याच यंत्रातून आला असेल तर आरशांच्या युक्तीला कोणताही पंथ चालतो, आरसा फक्त दिशा उलटवतो. पंचाईत तेव्हा होते जेव्हा `X` एका पंथाच्या यंत्रातून आलेला असतो आणि परतायला दुसऱ्या पंथाचं यंत्र हाताशी असतं. तेव्हा आरसे लावले तर चुकतं, न लावले तर बरोबर येतं.

मॅटलॅबवाल्यांसाठी एक जाता जाता. तिथे `X'` लिहिलं की आडवी रांग उभी होते, आणि त्याचबरोबर कॉन्जुगेटही घेतला जातो. नुसती उभी करायची असेल तर `X.'`, मध्ये टिंब. उभं-आडवं करण्यासाठी सहज टाकलेल्या एका खुणेने तिसराच आरसा घुसतो. आणि साध्या संख्यांवर तपासणी केली असेल, तर तो दिसणारही नाही.

आरसा तसा फुकट असतो, फक्त एक चिन्ह बदलायचं. दशांश अपूर्णांकांच्या हिशेबात ते एका बिटचं काम आहे. पण स्वस्त चिपवर संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकांत ठेवतात आणि तिथे `-32768` बसते, `+32768` बसत नाही. तेव्हा नेमक्या त्या एका संख्येचं चिन्ह बदलताना गडबड होते. सहसा चिन्ह न बदलता ती `-32768` च राहते आणि लहरीत एक ठिपका भलतीकडे उडतो. म्हणून हार्डवेअरची मंडळी आणखी एक वाट वापरतात. चिन्ह बदलण्याऐवजी प्रत्येक संख्येचे आडवा आणि उभा असे दोन भाग एकमेकांच्या जागी ठेवतात. आत घालताना अदलाबदल, बाहेर काढताना अदलाबदल. सर्किटमध्ये त्याला दोन तारांची अदलाबदल पुरते, हिशेब शून्य.

आपल्याच रांगेवर करून पाहू. `6+i` चं `1+6i` होतं, `3i` चं `3`, `-i` चं `-1` आणि `-2-3i` चं `-3-2i`. हे यंत्रात घातलं की बाहेर येतं `4i, 4, 8i, 12i`. प्रत्येकीचे भाग अदलाबदल केले की `4, 4i, 8, 12`, आणि चाराने भागलं की तीच आपली रांग. हे जमतं कारण भागांची अदलाबदल म्हणजे आरसा आणि वर एक पाव फेरा. आत जाताना लागलेला जादा पाव फेरा बाहेरच्या आरशात उलटा होतो आणि बाहेरच्या पाव फेऱ्याशी कटतो.

तिसरी वाट तर चुकीतूनच सापडते. दोन्ही आरसे विसरल्यावर `1, 3, 2, i` आलं होतं ना? पहिली जागा सोडून बाकीच्या उलट्या वाचा, झालं. पण पूर्ण रांग उलटवायची नाही. तसं केलं तर `i, 2, 3, 1` येईल. शून्य क्रमांकाची संख्या कधीच हलत नाही, आणि प्रोग्राम लिहिताना नेमकं हेच लोक विसरतात.

संगणकावर पाहायचं असेल तर पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
import numpy as np

def ulat(X):
    return np.conj(np.fft.fft(np.conj(X))) / len(X)

x = np.array([1, 1j, 2, 3])
print(ulat(np.fft.fft(x)))
```

छापून आलेल्या उत्तरात एखाद्या ठिकाणी `-0.j` दिसलं तर दचकू नका. शून्याला आरसा दाखवल्यावर संगणक ऋण शून्य लिहितो, किंमत शून्यच असते. मोठ्या रांगांवर मात्र सोळाव्या दशांश स्थळाच्या आसपास किरकोळ फरक उरतो, म्हणून तिथे नेमकी बरोबरी तपासायची नाही, `np.allclose` ने जवळपास बरोबरी तपासायची. चार संख्यांत तो प्रश्न येत नाही. फेरे सगळे पाव फेऱ्यांचे असतात, गुणाकार फक्त `1`, `-1`, `i`, `-i` शी, त्यामुळे छोट्या पूर्णांकांवर उत्तर तंतोतंत यायला हवं आणि नाही आलं तर चूक नक्की आहे.

याच कारणाने चार संख्यांची पडताळणी एका गोष्टीबद्दल गप्प राहते. ती आरसे आणि भागाकार तपासते, एफएफटीचं पोट तपासत नाही. आठ संख्यांच्या रांगेत फेरे अर्धपावाचे होतात, आणि अर्धपाव फेऱ्याला `0.7071` च्या आसपासचा गुणक लागतो. त्याचं कोष्टक कुणी चुकीचं भरलं असेल तर चारच्या रांगेला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा चार संख्यांवर आरसे जागेवर आहेत हे कळलं की `1, i, 2, 3` च्या पुढे `5`, `-2i`, `7`, `4` अशा आणखी चार बेढब संख्या जोडायच्या आणि पुन्हा चालवायचं. पण आता नुसती फेरी मारून आणणं पुरेसं नाही, कारण जाताना आणि येताना तेच यंत्र वापरलं तर काही चुका दोन्हीकडे कटून जाऊ शकतात. सुलट दिशेची आठ उत्तरं एकदा सरळ बेरजेच्या सूत्राने, एफएफटीशिवाय काढायची आणि यंत्राच्या उत्तरांशेजारी ठेवायची. चौसष्ट गुणाकार होतात. दुपारचा चहा थंड होतो, एवढंच.